ॲडॅप्टिव्ह क्लस्टर सॅम्पलिंग: पुंजक्यांत वाढणाऱ्या दुर्मीळ झुडपाची मोजणी आणि तिचा हिशेब

प्रश्न: आम्ही 4 हेक्टर जंगलाचे 10 मीटर × 10 मीटरचे 400 चौकोन पाडले आणि त्यांतले 20 चिठ्ठ्या टाकून निवडले. एक दुर्मीळ झुडूप मोजायचे होते. 18 चौकोनांत काहीच नव्हते, एकात 4 आणि एकात 1 झुडूप मिळाले. मग त्या दोन्ही ठिकाणी, झुडूप सापडत राहील तोवर, शेजारचे चौकोन पाहत गेलो. पहिल्या ठिकाणी 5 चौकोनांत मिळून 30 आणि दुसऱ्या ठिकाणी 2 चौकोनांत मिळून 6 झुडपे निघाली. एकूण 40 चौकोन पाहिले, 36 झुडपे मोजली. चौकोनवार तक्ता सोबत आहे. मग सरासरी 0.9 धरून जंगलात 360 झुडपे आहेत असे म्हणायचे का? आणि ही पद्धत आमच्या कामासाठी योग्य आहे का?

उत्तर:

360 हा आकडा अहवालात जाऊ देऊ नका. तुमच्याच मोजणीतून निघणारा योग्य अंदाज 180 आहे, म्हणजे बरोबर निम्मा. मोजणीत काहीही चुकलेले नाही, चूक भागाकारात आहे. नंतर जोडलेले 20 चौकोन तुम्ही चिठ्ठीने निवडलेले नाहीत. शेजारी झुडपे सापडली म्हणूनच ते नमुन्यात आले. जिथे झुडपे जास्त तिथे चौकोनही जास्त जोडले जातात, त्यामुळे अशा नमुन्याची सरळ सरासरी पुंजक्यांकडे झुकलेलीच राहते.

स्टीव्हन थॉम्पसन यांनी 1990 मध्ये ही पद्धत मांडली तेव्हा नेमकी हीच अडचण सोडवली, आणि त्यांची युक्ती एकदा नीट कळली की पुढचे सगळे तिच्यातूनच उलगडत जाते. झुडपे असलेले आणि बाजूला बाजू लागून एकमेकांना जोडलेले चौकोन म्हणजे एक जाळे. तुमच्या तक्त्यातल्या पहिल्या जाळ्यात 5 चौकोन आहेत आणि त्यांत अनुक्रमे 4, 7, 2, 11 आणि 6 झुडपे आहेत. आता असे समजा की कोणी या पाचही चौकोनांतली 30 झुडपे उपटून पाचांत सारखी वाटली. प्रत्येकात 6 झुडपे येतील. दुसऱ्या जाळ्यातल्या 1 आणि 5 झुडपांचे असेच वाटप केले तर प्रत्येक चौकोनात 3 येतील. रिकामा चौकोन हे स्वतःचे एकट्याचे जाळे, त्याचा आकडा 0. असे वाटप साऱ्या जंगलभर केले तरी झुडपांची एकूण संख्या बदलत नाही. बदलते ती फक्त त्यांची मांडणी. या नव्या मांडणीतून चिठ्ठीने काढलेले 20 चौकोन हा एक साधा यादृच्छिक नमुनाच आहे, म्हणून त्याची सरासरी खऱ्या सरासरीचा निर्दोष अंदाज देते. असा नमुना पुन्हा पुन्हा काढत गेलो तर अंदाजांची सरासरी खऱ्या आकड्यावरच येऊन बसेल.

म्हणजे चाळीस नव्हे, मूळचे वीस चौकोनच भागाकारात घ्यायचे. त्या वीस चौकोनांचे आकडे 4, 1 आणि अठरा शून्ये असे न धरता 6, 3 आणि अठरा शून्ये असे धरायचे. बेरीज 9, सरासरी 0.45, आणि 400 चौकोनांसाठी 180. शेजारचे चौकोन पाहण्याचे श्रम वाया गेलेले नाहीत, कारण 4 च्या जागी 6 आणि 1 च्या जागी 3 हे त्यांच्यामुळेच कळले. मूळचे दोन चौकोन एकाच जाळ्यात पडले असते तर त्या जाळ्याची सरासरी दोनदा धरावी लागली असती. हे अनेकांना खटकते, पण ते बरोबर आहे.

यालाच हॅन्सन-हर्विट्झ प्रकारचा अंदाज म्हणतात. दुसरा प्रकार हॉर्विट्झ-थॉम्पसन यांचा. त्यांचे मूळ काम 1952 चे आहे आणि त्यातले थॉम्पसन वेगळे, नावसाधर्म्यामुळे गोंधळू नये. या प्रकारात प्रत्येक जाळे एकदाच धरतात आणि त्यातल्या झुडपांच्या संख्येला ते जाळे नमुन्यात सापडण्याच्या शक्यतेने भागतात. 5 चौकोनांचे जाळे 20 चिठ्ठ्यांपैकी एखादीत तरी येण्याची शक्यता 0.227 आणि 2 चौकोनांच्या जाळ्याची 0.098 आहे. त्यावरून 132 आणि 61, एकूण सुमारे 193 असा अंदाज येतो. दोन्ही अंदाज निर्दोष आहेत. दुसरा सहसा थोडा जास्त स्थिर असतो, पण त्याची त्रुटी काढायला जाळ्यांच्या जोड्या एकत्र सापडण्याची शक्यताही लागते, म्हणून पहिल्या खेपेला मी पहिलाच प्रकार करायला सांगतो. आर या संगणकभाषेत सगळा हिशेब इतकाच आहे:

```
N <- 400; n <- 20
w <- c(30/5, 6/2, rep(0, 18))
N * mean(w)                              # 180
N * sqrt((1 - n/N) * var(w) / n)         # 128
m <- c(5, 2); y <- c(30, 6)
alpha <- 1 - choose(N - m, n) / choose(N, n)
sum(y / alpha)                           # 193.5
```

यातली चौथी ओळ जास्त काळजीपूर्वक वाचायला हवी. 180 या अंदाजाची प्रमाण त्रुटी 128 आहे. अंदाज निर्दोष असला तरी अतिशय सैल आहे, आणि तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर याच सैलपणात दडलेले आहे.

वाटपाच्या कल्पनेकडे परत या. झुडपे सारखी वाटल्याने एकाच जाळ्याच्या आतला चढउतार नाहीसा झाला: 4, 7, 2, 11, 6 यांच्या जागी पाच वेळा 6 आले. मात्र जाळी आणि रिकामे जंगल यांच्यातला फरक तसाच राहिला. म्हणजे या पद्धतीने प्रचरण, म्हणजे हा चढउतार मोजणारा आकडा, घटतो तो नेमके जाळ्यांच्या आतल्या प्रचरणाइतके, त्याहून तसूभरही जास्त नाही. पुंजक्यातल्या प्रत्येक चौकोनात जवळपास सारखीच झुडपे असतील तर शेजारचे चौकोन पाहून अचूकता काहीच वाढत नाही. मधल्या चौकोनांत खच्चून झुडपे आणि कडेला तुरळक, अशा प्रजातीत मात्र फायदा खरा असतो. बिया आईझाडाच्या आसपासच पडतात किंवा मुळांपासून फुटवे येतात अशा वनस्पतींत ही मांडणी बरेचदा दिसते, पण ती गृहीत न धरता पाहून घ्यावी.

आकड्यांतच पाहू. समजा तुमच्या जंगलात पहिल्या जाळ्यासारखी 5 आणि दुसऱ्यासारखी 5 जाळी आहेत, एकमेकांपासून दूर. एकूण झुडपे 180 होतात, म्हणजे तुमच्या अंदाजाइतकीच, आणि 400 पैकी 35 चौकोनांत झुडपे असतात. या जंगलात जाळ्यांच्या आतले प्रचरण एकूण प्रचरणाच्या सुमारे 23 टक्के भरते. तेव्हा 20 चौकोनांच्या साध्या नमुन्याच्या तुलनेत तुमच्या पद्धतीने प्रचरण 23 टक्के घटेल. पण त्यासाठी सरासरीने 37 चौकोन पाहावे लागतील, कारण प्रत्येक जाळ्याभोवती रिकाम्या चौकोनांची एक कड असते आणि तीही तपासावीच लागते. पहिल्या जाळ्याच्या 5 चौकोनांसाठी तुम्ही कडेचे 9 रिकामे चौकोन पाहिलेत, दुसऱ्याच्या 2 साठी 6. आता तेच 37 चौकोन सरळ चिठ्ठीने निवडले असते तर? प्रचरण जवळजवळ 49 टक्के घटले असते. चौकोनांची संख्या हाच खर्च मानला तर तुमच्या जंगलात साधा नमुना स्पष्टपणे सरस ठरतो.

हे वाचून निराश व्हायचे कारण नाही, कारण जंगलात खर्च चौकोनांत मोजत नाहीत, वेळेत मोजतात. चिठ्ठीने आलेल्या चौकोनापर्यंत पोहोचणे, त्याचे कोपरे शोधणे आणि दोरी लावणे यातच बराचसा दिवस जातो. शेजारचा चौकोन मात्र पायाशीच असतो आणि त्याची एक बाजू आधीच आखलेली असते. समजा दूरच्या चौकोनाला जाणे-येणे धरून 55 मिनिटे आणि शेजारच्याला 15 मिनिटे लागतात. तुमच्या पद्धतीचा एकूण वेळ सुमारे 1,360 मिनिटे होतो. तेवढ्या वेळात साध्या पद्धतीने जेमतेम 25 चौकोन होतात, आणि त्यांनी प्रचरण 20 टक्के घटते. इथे तुमची पद्धत 23 टक्क्यांनी किंचित पुढे आहे, शिवाय पुंजके किती मोठे आणि किती दाट आहेत हेही तिच्यातून कळले, जे साध्या नमुन्यातून कळत नाही. म्हणून माझी पहिली विनंती अशी की पुढच्या खेपेला वहीत प्रत्येक चौकोनासमोर पोहोचल्याची आणि मोजणी संपल्याची वेळ लिहा. निर्णय त्या दोन रकान्यांवर होणार आहे, पद्धतीच्या नावावर नव्हे.

याच उदाहरणातून आणखी एक गोष्ट दिसते, आणि तिच्याबद्दल मला सर्वाधिक काळजी वाटते. ही पद्धत पुंजका शोधून देत नाही. पुंजका शोधण्याचे काम पहिल्या 20 चिठ्ठ्यांचेच असते, आणि एखादी चिठ्ठी पुंजक्यात पडल्यावरच बाकीचे काम सुरू होते. वरच्या कल्पित जंगलात 20 पैकी एकही चिठ्ठी झुडपावर न पडण्याची शक्यता सुमारे 15 टक्के आहे, आणि तसे झाले तर अंदाज 0 आणि त्रुटीही 0 येते. असे कागद मी पाहिले आहेत, त्यांत "प्रजाती आढळली नाही" असे ठामपणे लिहिलेले असते. तुमच्या 128 च्या त्रुटीवरचा उपाय म्हणजे शेजार आणखी दूरवर पाहणे नव्हे, पहिल्या फेरीतले चौकोन वाढवणे. त्रुटी अंदाजाच्या चौथाईवर, म्हणजे 45 वर आणायची असेल तर या जंगलात पहिल्याच फेरीत सुमारे 125 चौकोन लागतील. तेवढे शक्य नसेल तर आधी जंगलाचे थर पाडा. ओलसर घळी, कोरडे उतार, सावलीचे भाग असे जे वेगळेपण नकाशावर दिसते त्यानुसार चौकोनांचे गट करून जिथे झुडूप असण्याची आशा जास्त तिथे चिठ्ठ्या जास्त टाका. शेजार पाहण्याचा नियम प्रत्येक थरात चालूच राहतो, फक्त जाळे दोन थरांत पसरू लागले तर हिशेब जरा गुंतागुंतीचा होतो, म्हणून थर पुंजक्यांपेक्षा बरेच मोठे ठेवावेत.

आता शेजार कधी पाहायचा त्या अटीबद्दल. तुम्ही "एक जरी झुडूप असेल तरी" ही अट ठेवलीत. ती सोपी आहे, पण एकट्या-दुकट्या झुडपासाठीही भोवती फिरायला लावते. अट "3 किंवा जास्त" ठेवली असती तर काय झाले असते ते पाहा. पहिल्या ठिकाणी 2 झुडपांचा चौकोन जाळ्यात न येता कडेचा झाला असता, जाळे 4 चौकोनांचे आणि 28 झुडपांचे राहिले असते, सरासरी 7. दुसऱ्या ठिकाणी मूळ चौकोनात एकच झुडूप, म्हणून तिथे शेजार पाहिलाच नसता आणि पलीकडची 5 झुडपे कधीच दिसली नसती. त्या चौकोनाचा आकडा 1. अंदाज (7 + 1) ÷ 20 × 400, म्हणजे 160. हाही अंदाज तितकाच निर्दोष आहे आणि शेजार पाहण्याचे श्रम जवळपास निम्मे, कारण वीसऐवजी फक्त 11 शेजारचे चौकोन पुरले असते: जाळ्यातले आणखी 3 आणि कडेचे 8.

पण त्यात 2 झुडपांचा तो कडेचा चौकोन हिशेबातून गळला, कारण तो चिठ्ठीने आला नव्हता आणि अटही पुरी करत नव्हता. मोजणी करणाऱ्यांना हे फार लागते. माझ्याबरोबरच्या एका तरुण सहकाऱ्याने काट्यांत शिरून मोजलेली कडेची झुडपे बेरजेत दिसेनात तेव्हा त्याने ती परस्पर जाळ्यात मिळवली, आणि दोन दिवसांनी आकडे जुळेनात म्हणून आम्ही सगळ्या चौकोनांची वही पहिल्या पानापासून पुन्हा तपासली. तेव्हापासून मी तक्त्यातच तीन वेगळे रकाने ठेवतो: चिठ्ठीचा चौकोन, जाळ्याचा चौकोन, कडेचा चौकोन. कडेची झुडपे नकाशावर जरूर दाखवा, अंदाजात घेऊ नका. शेजाराची व्याख्या दोन्ही बाजूंनी लागू पडणारी हवी, म्हणजे अ हा ब चा शेजारी असेल तर ब हाही अ चा शेजारी. आणि अट जंगलात शिरण्याआधी ठरवून लिहून ठेवा. मोजणी पाहून अट बदलली तर वरचा सगळा युक्तिवाद कोसळतो.

यातूनच सर्वांत जास्त घडणारी चूक येते: जाळे अर्ध्यावर सोडणे. दिवस मावळतो, पाऊस येतो, आणि "इथपर्यंत पुरे" असे ठरते. तुमच्या पहिल्या जाळ्यात 4 झुडपांच्या चौकोनानंतर फक्त त्याचे लगतचे चौकोन पाहून थांबला असता तर 4, 7 आणि 2 एवढेच कळले असते. तीन चौकोनांत 13, सरासरी 4.33, खरी सरासरी 6 असताना. 11 झुडपांचा चौकोन त्यापुढेच होता. पुंजक्याचा गाभा बहुधा असाच दुसऱ्या-तिसऱ्या पावलावर असतो, म्हणून अर्धे जाळे कोणत्या बाजूला चुकेल हे मूळ चौकोन गाभ्यात होता की कडेला यावर ठरते, आणि ते आधी सांगता येत नाही. आम्ही एका मोसमात ओढ्यापाशी थांबलो होतो, कारण पलीकडे उतरायला दोर नव्हता. तक्त्यात ती जाळी पूर्ण दिसत होती. फसगत लक्षात आली ती नकाशा काढल्यावर, कारण तीन जाळ्यांची एक कड अगदी सरळ, ओढ्याच्या रेषेतच होती. वनस्पती अशा सरळ रेषेत थांबत नाहीत. तुमच्या नकाशावरही जाळ्याच्या ज्या बाजूला रिकाम्या चौकोनांची कड नाही ती बाजू शोधा. तिथे एकतर अभ्यासक्षेत्राची हद्द असली पाहिजे, जी चालते, किंवा काम अपुरे राहिलेले आहे.

त्यासाठी कामाचा क्रम बदललेला बरा. आधी चिठ्ठीचे सगळे चौकोन एकदा पाहून घ्या, त्यांत मिळालेल्या जाळ्यांची यादी करा, आणि मगच विस्ताराला लागा. किती काम उरले आहे याचा अंदाज लवकर येतो. विस्तार आवाक्याबाहेर जाणार असे दिसले तर अर्धी जाळी करण्यापेक्षा मूळ 20 चौकोनांची साधी सरासरी देणे जास्त प्रामाणिक आहे. तुमच्या बाबतीत ती (4 + 1) ÷ 20 × 400, म्हणजे 100 आली असती, प्रमाण त्रुटी 79 सह. टक्केवारीत ही त्रुटी तुमच्या 128 पेक्षा थोडी जास्तच आहे, पण तो अंदाज निर्दोष आहे आणि अर्धवट जाळ्यांचा नाही.

शेवटचा मुद्दा नजरेतून सुटणाऱ्या झुडपांचा. साध्या नमुन्यात एखादे रोप दिसले नाही तर एक रोप कमी मोजले जाते. इथे मात्र दोन दाट चौकोनांना जोडणाऱ्या मधल्या चौकोनात एकच बारके रोप असेल आणि ते पाचोळ्याखाली राहिले, तर तो चौकोन रिकामा नोंदला जातो, जाळे तिथेच तुटते आणि पलीकडचा सगळा भाग कधी पाहिलाच जात नाही. म्हणून कडेचे जे चौकोन रिकामे नोंदले आहेत त्यांतले काही दुसऱ्या माणसाकडून, पहिल्याचा तक्ता न दाखवता, पुन्हा तपासून घ्या. तुमचे असे 15 चौकोन आहेत, ते एका दिवसात होतील. त्यांत एकातही रोप निघाले तर 180 हा आकडा बाजूला ठेवा, त्या चौकोनापासून विस्तार पुन्हा सुरू करा, आणि नवे जाळे पूर्ण झाल्यावर `w` मधला त्या जागेचा आकडा बदलून वरच्या ओळी पुन्हा चालवा.